आकडे गाळलेली बातमीपत्रं

जानेवारी 1920 मध्ये औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. नांगर बनवणाऱ्या कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणं हा तिचा मूळ हेतू. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीचं 'द फरो' 1895 पासून हेच काम करत होतं. पुढे 'खबर'चं 'किर्लोस्कर' मासिक झालं. मराठी वाङ्मयाला त्याचा मोठा लाभ झाला. पण कारखान्याने गिऱ्हाइकाला यंत्राविषयी समजेल असं लिहिण्याची परंपरा मात्र मराठीत रुजली नाही.

आज कंपन्यांची बातमीपत्रं भरपूर निघतात. त्यांत प्रदर्शनातला स्टॉल, मिळालेला पुरस्कार, वर्धापनदिन आणि नव्या संचालकांचं मनोगत असतं. ते वाचणारा मात्र मेंटेनन्स इंजिनिअर किंवा डिझाइन करणारा सल्लागार असतो. पंप बंद पडला तर जाब त्याला द्यावा लागतो. कंपनी किती मोठी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. माझ्या जागेवर हा पंप चालेल का, आणि कधी चालणार नाही, एवढंच त्याला हवं असतं.

त्याला उपयोगी पडेल असा लेख कसा असतो, ते आमच्या कट्टा-मालवण पट्ट्यातल्या विहिरीवरूनच पाहू. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी पावसानंतर वर असतं आणि मे महिन्यात खोल जातं. डिसेंबरात बिनतक्रार चाललेला काठावरचा पंप मे महिन्यात खडी दळल्यासारखा खडखडतो, पाणी कमी देतो, आणि काही दिवसांनी उघडला तर इंपेलरवर खड्डे दिसतात. हे कॅव्हिटेशन. लेखाने हिशेब मांडावा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 10.3 मीटर पाण्याएवढा असतो. तीस अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब त्यातले सुमारे 0.4 मीटर घेतो. सक्शन पाइप, बेंड आणि फूट व्हॉल्व्ह मिळून घर्षणात 1.5 मीटर गेले असं धरू. पाणी पंपाच्या 4.5 मीटर खाली असेल तर पंपाच्या तोंडाशी 3.9 मीटर उरतात. पाणी 6 मीटरवर गेलं की उरतात 2.4. त्या प्रवाहाला पंपाची गरज, म्हणजे कॅटलॉगमधला एनपीएसएच, 3 मीटर असेल तर डिसेंबरात 0.9 मीटर शिल्लक होती आणि मे महिन्यात 0.6 मीटर तूट आली. पंप तोच, विहीरही तीच. बिघडला तो फक्त हिशेब.

पुढचा परिच्छेद मात्र बहुतेक कंपन्या गाळतात. सक्शन पाइप मोठ्या व्यासाचा घ्या, पंप खाली उतरवा. तेवढ्यानेही तूट भरली नाही तर आमचा हा पंप घेऊ नका, सबमर्सिबल घ्या. विक्री विभाग असं वाक्य खोडतो, मग आकडे खोडतो, आणि उरतो तो 'दर्जेदार व भरवशाचा' असा मजकूर. आपल्या मालाची मर्यादा सांगणारं ते एक वाक्य गेलं की तांत्रिक वाचकाला बाकीच्या मजकुराचाही भरवसा वाटेनासा होतो.

म्हणून बातमीपत्राच्या योजनेची सुरुवात सर्व्हिस विभागाच्या तक्रारवहीपासून व्हावी. वर्षभरात पुन्हापुन्हा आलेल्या बारा तक्रारी म्हणजे बारा महिन्यांचे बारा लेख. लिहिणाऱ्याने सर्व्हिस इंजिनिअरला तासभर बोलतं करावं, मसुदा लिहावा, आणि आकडे त्याच्याकडूनच तपासून घ्यावेत. विक्री विभागाने फक्त नावं आणि परवानग्या पाहाव्यात. महिन्याचं बातमीपत्र एकाच लेखाभोवती असावं: वर प्रश्न, खाली उत्तराचा सारांश, मग पूर्ण लेखाचा दुवा. सक्शनच्या हिशेबाचा लेख मार्चअखेर जावा, म्हणजे मे महिन्याआधी पाइप बदलता येतो. लेखापुढे फोन नंबर मागणारा फॉर्म लावू नये. इंजिनिअर तो पाहून परत फिरतो किंवा खोटा नंबर भरतो.

यशाचं मापही बदलायला हवं. बातमीपत्र किती जणांनी उघडलं, हा आकडा 2021 पासून अधिकच बिनभरवशाचा झाला आहे, कारण ॲपलचा मेल वाचकाने पत्र न उघडताही त्यातली चित्रं आधीच उतरवून ठेवतो. त्याऐवजी येणाऱ्या चौकशा वाचाव्यात. 'पाच एचपी पंपाचं कोटेशन द्या' असं लिहिणारं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पाण्याची उन्हाळी पातळी, पाइपचा व्यास आणि हेड कळवू लागलं, तर लेख पोचला. हे घडायला एक-दोन मोसम जातात. तीन महिन्यांत विक्रीचे आकडे मागणाऱ्या कंपनीने हा खटाटोप सुरूच करू नये, कारण चौथ्या महिन्यात तिचं बातमीपत्र पुन्हा पुरस्कारांकडे वळेल.