चार ओळी आणि वीस सेकंद : हात धुण्याच्या एका बालकवितेचा विचार

आरोग्यविषयक बालकवितेकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. ‘प्रचारकी’ हे एक विशेषण लावले की तिचा विचार संपतो. वास्तविक अशा कवितेला एक कसोटी उपलब्ध आहे, जी अन्य कवितांना क्वचितच लाभते : ती म्हणत असताना मुलाचे हात काय करतात, हे पाहता येते. चाकण परिसरातील एका गावच्या अंगणवाडीत आरोग्य जागृती सत्र होते. त्यासाठी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थिनींनी एक कविता रचली. तिचा मसुदा प्रस्तुत लेखिकेनेच तपासला होता, त्यामुळे पुढील दोषांत तिचाही वाटा आहे.

चला मुलांनो हात धुऊ या,
जंतूंना त्या दूर करू या
साबण लावा, पाणी घाला,
आजारांना कुलूप घाला!

छंदाच्या दृष्टीने रचना निर्दोष आहे. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’त ज्याला पद्मावर्तन म्हटले, ते आठ मात्रांचे आवर्तन प्रत्येक ओळीत दोनदा येते. मुलांनी ती दोनदा ऐकून पाठ केली. परंतु घड्याळ लावले असता एक ओळ सुमारे साडेतीन सेकंदांत संपते, म्हणजे संपूर्ण कविता चौदा सेकंदांची. साबणाने हात चोळण्यास निदान वीस सेकंद हवेत; हात ओले करण्यापासून कोरडे करण्यापर्यंतच्या संपूर्ण क्रियेला जागतिक आरोग्य संघटना चाळीस ते साठ सेकंद सांगते.

लांबीपेक्षा गंभीर दोष तिसऱ्या ओळीत आहे. ‘साबण लावा’ म्हटल्यावर त्याच श्वासात ‘पाणी घाला’ येते. मुलांनी कवितेचे तंतोतंत पालन केले. साबण तळहातावर टेकला, हात पुढे आले, मदतनीस ताईंनी तांब्या कलंडला आणि फेस येण्यापूर्वीच साबण वाहून गेला. चोळणे ही मुख्य क्रिया. मळ आणि त्यातील सूक्ष्मजीव कातडीपासून सुटतात ते साबण आणि घर्षण यांच्यामुळे, पाणी ते केवळ वाहून नेते. या क्रियेसाठी कवितेत एकही क्रियापद नाही.

‘जंतू’ या शब्दाचीही गंमत झाली. अंगणवाडीत जंतनाशक गोळी दिली जात असल्याने मुलांच्या कानांवर ‘जंत’ आहे. ‘जंतू कुठे असतात?’ या प्रश्नावर उत्तर आले, ‘पोटात’. ते सर्वस्वी चूक म्हणता येत नाही, कारण काही जंतांची अंडी नखांतील मातीतूनच पोटात जातात. पण पोटातल्या वस्तूसाठी हात का चोळावेत, हे मुलाला कळत नाही. आजारांना कुलूप ही प्रतिमा तर प्रौढांची. चार वर्षांच्या मुलाला कुलूप दाराला हवे.

यानंतर विद्यार्थिनींनी दुसरा पाठ केला :

तळव्यावरती तळवा घासू,
पाठीवरती पंजा फिरवू
बोटांमध्ये बोटे घालू,
मुठीत धरुनी अंगठा फिरवू
नखांत दडला मळही काढू,
मनगट चोळू, पाणी घेऊ.

येथे प्रत्येक ओळ एक कृती आहे आणि पाणी अखेरच्या शब्दांपूर्वी येतच नाही. सहा ओळींना सुमारे एकवीस सेकंद लागतात. अदृश्य जंतूच्या जागी दिसणारा मळ आला, तो गेला की नाही हे मूल स्वतः पाहू शकते. ‘अंगठा’मध्ये कागदोपत्री एक मात्रा अधिक आहे, पण उच्चारात ‘अंग्ठा’ होत असल्याने ताल मोडत नाही. तथापि दुसरी ओळ फसली. ‘पाठीवरती’ ऐकताच दोन मुलांनी शेजाऱ्याच्या पाठीवर हात फिरवला! ती ओळ ‘हाताच्याही पाठी चोळू’ अशी बदलली. काव्यदृष्ट्या ती किंचित सपाट आहे, परंतु तीच योग्य.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील अंगणवाडीत हिंदी, भोजपुरी वा उडिया बोलणाऱ्या घरांतील मुलेही असतात. त्यांना ‘मनगट’ कळत नाही. कृती शब्दाच्या आधी अर्धा क्षण दिसली तर ती ओळ उचलतात. सेविका ताई ओळीच्या प्रारंभीच स्वतःचे हात त्या स्थितीत आणत, आणि शब्द मागाहून येई. पहिल्या कवितेत असे करणे शक्यच नव्हते. ‘दूर करू या’चा अभिनय कसा करणार?

या पाठाची मर्यादा वेगात आहे. पाठ झालेली कविता मुले धावत म्हणतात. चौथ्या दिवशी सहा ओळी बारा सेकंदांत संपल्या. ओळखण्याची खूण सोपी होती : ‘पाणी घेऊ’ ऐकू आले तेव्हा नखांतील काळी रेघ तशीच होती. विद्यार्थिनींनी उपाय म्हणून प्रत्येक ओळ दोनदा म्हणण्याचे ठरवले, पहिल्यांदा उजव्या हातासाठी, दुसऱ्यांदा डाव्या. लेखिकेने उपदेशाची दोन कडवी जोडण्याचे सुचवले होते. ते मान्य झाले नाही. दुपारच्या खिचडीपूर्वी तांब्या हाती घेतलेल्या मदतनीस ताई आता दुसरे ‘पाणी घेऊ’ ऐकेपर्यंत थांबतात.