एका आरोळीमागचा बर्फ

'डोटा २'च्या प्रेक्षकाला २०१५ सालच्या 'द इंटरनॅशनल'ची अंतिम लढत आठवते ती एका आरोळीमुळे. सिएटलच्या की अरीनात इव्हिल जीनियसेस आणि सीडीईसी यांचा चौथा सामना चालू होता. सीडीईसीचे खेळाडू रोशन या राक्षसाच्या खड्ड्यात दाटीवाटीने उभे असताना युनिव्हर्सचा अर्थशेकर त्यांच्यावर येऊन पडला आणि समालोचक टोबीवान ओरडला, 'इट्स अ डिझास्टर!' इव्हिल जीनियसेसनी ती लढत ३-१ने जिंकली. बक्षीस साठ लाख डॉलरहून जास्त होतं, त्यामुळे त्या फटक्याला 'सहा मिलियन डॉलरचा एको स्लॅम' असं नावही पडलं.

नाव झणझणीत आहे, पण अर्धवट. त्या फटक्याची तयारी सामना सुरू होण्याआधीच, ड्राफ्टमध्ये झाली होती. डोटात दोन्ही कर्णधार आळीपाळीने काही हिरो बाद करतात आणि आपले पाच निवडतात. अर्थशेकरच्या एको स्लॅमचं गणित असं, की आवाक्यातला प्रत्येक शत्रू आपल्या आजूबाजूच्यांनाही इजा पोहोचवतो. म्हणजे समोरचे जितके चिकटून उभे, तितका मार वाढत जातो. विखुरलेल्या संघापुढे हाच हिरो निम्मा वाटतो. पण रोशनच्या अरुंद खड्ड्यात विखुरणार कुठे?

इव्हिल जीनियसेसचा कर्णधार पीपीडी एन्शंट अपॅरिशन खेळत होता. त्याचा आइस ब्लास्ट लांबून येतो. ज्याला लागतो त्याचं आरोग्य काही काळ भरून येत नाही, आणि ते ठरावीक टक्क्यांखाली घसरलं की हिरो तिथेच मरतो. एको स्लॅममधून जे थोडक्यात वाचले असते, त्यांची सुटकेची वाट या बर्फाने बंद केली. हे दोन हिरो एका संघात असणं हाच त्या सामन्याचा कट होता.

टोबीवानला दोष द्यायचा नाही. दोन-तीन सेकंदांत डझनभर गोष्टी घडत असताना धावत्या समालोचकाने एकच धागा पकडायचा असतो, आणि त्याने तो अचूक पकडला. उरलेलं काम शेजारच्या विश्लेषकाचं आणि ड्राफ्टच्या वेळी बोलणाऱ्या मंडळींचं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल आहे. ड्राफ्ट संपला की बहुतेकदा निकाल ऐकू येतो: हा संघ उशिरा भारी पडेल, त्याने सुरुवातीलाच संपवावं. हे ज्योतिष झालं. कामाचं वाक्य वेगळं असतं: 'हे पाच जण रोशनकडे एकत्र गेले, तर बर्फ आणि भूकंप यांचं काय करणार?' असा प्रश्न आधी कानावर पडला असेल, तर प्रेक्षक खड्ड्याकडे धास्तीने बघतो. नसेल, तर त्याला फक्त स्फोट दिसतो.

त्या क्षणाची चित्रफीत आवाज बंद करून पाहा. आधी डोळ्यांत भरतो तो अंगावर पडणारा बर्फ. अर्थशेकर नंतर येतो.