एकच पाऊस, दोन रकाने

यवतमाळचा कापूस बहुतांशी कोरडवाहू. त्याच्या उत्पादनाचे रिग्रेशन मांडताना हंगामाचा एकूण पाऊस आणि पावसाळी दिवस हे दोन्ही रकाने शेजारी ठेवण्याचा मोह होतो. हवामान खात्याच्या व्याख्येत पावसाळी दिवस म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाचा दिवस. म्हणजे दुसरा रकाना बव्हंशी पहिल्याचीच सावली. अशा समीकरणावरून ‘पावसाचा परिणाम आढळत नाही’ असे म्हणणे मला मान्य नाही.

दोन्ही रकाने बरोबरच वाढतात-घटतात, त्यामुळे श्रेय कोणाचे हे गणिताला ठरवता येत नाही. खूण अशी : समीकरण एकंदर चांगले जुळते, पण एकही सहगुणक स्वतंत्रपणे अर्थपूर्ण ठरत नाही, एखादे वर्ष वगळताच त्याचे चिन्हही उलटू शकते. पडताळा सोपा आहे. समजा, दोहोंचा सहसंबंध ०.९५ आहे. त्याचा वर्ग सुमारे ०.९०. तो एकातून वजा करून उरलेल्याने एकाला भागले की सुमारे १० येतात. याचे वर्गमूळ तीनहून अधिक. सहगुणकाच्या अंदाजातली अनिश्चितता तितक्या पटीने फुगली.

मग एकच रकाना ठेवावा, किंवा दिवसांच्या जागी दर पावसाळी दिवसाचा सरासरी पाऊस घेऊन सहसंबंध पुन्हा तपासावा. मूळ समीकरण उत्पादनाचा अंदाज बांधायला चालेल. पावसाला निर्दोष ठरवायला नाही.