मेंदी फिकी का पडली?

सावळ्या नवरीचे फोटो गोरे करायला नकार देणाऱ्या फोटो एडिटरची गोष्ट म्हटल्यावर शेवट काय असणार, याचा अंदाज आपल्याला पहिल्या पानावरच येतो. एका कथालेखन गटात वाचलेल्या या अप्रकाशित कथेचा शेवटही तसाच आहे. तरीही तिच्यावर लिहावंसं वाटलं, कारण मधल्या चार पानांत लेखिकेने एक अशी गोष्ट पकडली आहे जी या विषयावरच्या कथांमध्ये मी कधी वाचलेली नाही. आणि मग शेवटी तिने ती हातातून सोडून दिली आहे.

कथेत दोघींनाही नावं नाहीत. एडिटर सांगलीत घरी बसून पुण्यातल्या फोटोग्राफरांसाठी लग्नाचे अल्बम तयार करते. ती स्वतःही सावळी आहे. नवरी तिला थेट व्हॉट्सॲपवर गाठते. 'ताई, जरा ब्राइट करा ना,' एवढंच म्हणते. गोरं हा शब्द तिच्या तोंडी कथाभर एकदाही येत नाही. हे फार बरोबर निरीक्षण आहे. आपल्याकडे हे मागताना लोक ब्राइट, फ्रेश, क्लीन, ग्लो असंच काहीतरी म्हणतात.

यानंतर तीन फेऱ्या होतात. कथेचं खरं कथानक मला या तीन फेऱ्यांतच दिसतं.

पहिल्या फेरीत एडिटर फोटो उजळते, आणि त्यात गैर काही नाही. स्टेजची मागची बाजू पांढऱ्या फुलांनी भरलेली आहे. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी प्रकाश मोजतो आणि तो मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतो. मागे एवढं पांढरं असेल, तर तो सगळंच दृश्य गडद करतो, आणि नवरीचा चेहरा होता त्याहून काळा पडतो. एडिटर एक्स्पोजर 0.7 स्टॉप वाढवते, म्हणजे साधारण 1.6 पट प्रकाश. प्रमाण म्हणून ती नवऱ्याच्या पांढऱ्या उपरण्याकडे बघते. उपरणं करडं होतं, ते पांढरं दिसायला लागलं, पण विणीचा पोत गेला नाही, तिथे ती थांबते. लक्षात घ्या, इथे सगळेच उजळले: नवरी, नवरा, भटजी, फुलं. कोण कोणापेक्षा सावळं, हे नातं तसंच राहिलं.

नवरीला हे पुरत नाही. दुसऱ्या फेरीत एडिटर नारंगी रंगाच्या ल्युमिनन्सचा स्लायडर वर नेते. हा स्लायडर निवडायला कारण आहे. माणसाची त्वचा गोरी असो की काळी, तिची रंगछटा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यातच येते. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा. व्हिडिओचे रंग जुळवणारे लोक तर पडद्यावर एकच तिरकी रेघ धरून सगळ्यांचे चेहरे तपासतात. म्हणून नारंगी उजळला की त्वचा उजळते. पण त्या पट्ट्यात नुसती त्वचा नसते. सोनं असतं, लाकडी पाट असतो, आणि मेंदी असते.

फोटो जातो. रात्री नवरीचा मेसेज येतो: मावशी विचारतेय, मेंदी रंगली नाही का?

या एका ओळीसाठी मी कथा तीनदा वाचली. मेंदी जितकी गडद, तितका नवऱ्याचा जीव जास्त, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणजे एकाच हातावर एक नारंगी गडद हवा आणि दुसरा फिका. सॉफ्टवेअरला हा भेद कळत नाही, तो माणसालाच करावा लागतो. लेखिकेने यावर एक शब्दही भाष्य केलेलं नाही. तिथे ती आपल्यावर पूर्ण विश्वास टाकते.

तिसऱ्या फेरीत म्हणूनच मास्क येतो. नवराही मघाशी फिकट झालाय, त्याला वगळायचं. मेंदीची नक्षी वगळायची. उरलेला चेहरा, मान, कान, हात ब्रशने रंगवायचे. इथे एडिटरला पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याभोवती हाताने रेघ ओढावी लागते. अशा कामातल्या खुणा लेखिकेला नेमक्या माहीत आहेत. कपाळावरची बारीक लव राखाडी होते. कानाची पाळी राहून जाते. सावळ्या त्वचेवर गालाच्या हाडापाशी प्रकाशाची जी चकाकी असते, तिच्यात आणि आसपासच्या त्वचेत अंतरच उरत नाही, आणि चेहरा पीठ लावल्यासारखा सपाट दिसतो. एक्स्पोजरने सगळा मांडव उजळला होता. मास्कने एकटीला त्यातून कापून बाहेर काढलं.

माझ्या मते कथेचा नैतिक प्रश्न इथे, ब्रशच्या टोकाशी आहे. लेखिका मात्र ब्रश खाली ठेवायला लावते आणि एडिटरच्या तोंडी दीड पानाचं भाषण देते. मग एडिटर कॅमेऱ्यातून आलेला न सुधारलेला फोटो पाठवते आणि लिहिते, 'ही खरी तू.'

मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि या वाक्याशी माझं भांडण आहे. कॅमेऱ्यातून आलेला फोटो खरा नव्हता, हे कथेनेच पहिल्या फेरीत दाखवलं होतं. मुळात सेन्सर फक्त प्रकाशाचे आकडे नोंदवतो. त्यांचा रंग कसा दाखवायचा हे कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं, आणि ठरवणारे तटस्थ नव्हते. फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो असलेली कार्डं पाठवायची. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट दिसली की प्रिंट नीट. काळ्या माणसांचे चेहरे त्या मोजमापात हरवायचे. म्हणजे न सुधारलेल्या फोटोला 'खरी तू' म्हणणं हाही त्या मुलीवर अन्यायच आहे. तिला गोरं करणं खोटं, आणि पांढऱ्या फुलांपुढे काळवंडलेलं ठेवणं तेही खोटं. पहिल्या फेरीतला, उपरण्याशी ताडून पाहिलेला फोटो खऱ्याच्या सगळ्यात जवळ होता. एडिटरने तोच पाठवायला हवा होता. पण मग तिचं म्हणणं इतकं ठणठणीत वाजलं नसतं, कारण त्या फोटोतही थोडं उजळणं होतंच.

याचा फटका नवरीला बसतो. दुसऱ्या फेरीनंतरच्या फोनमध्ये ती सांगून जाते की अल्बम सासरच्या दिवाणखान्यात राहणार आहे, येणारा प्रत्येक पाहुणा तो उघडणार आहे, आणि लग्न ठरताना तिच्या रंगावरून आधीच एक बैठक झाली आहे. तिच्यापुढे व्यवहाराचं गणित आहे. एडिटर सांगलीत बसून फाइल परत करू शकते. नवरीला त्या दिवाणखान्यात राहायचंय. ते भाषण या फोनला उत्तर देत नाही. फोन झालाच नाही असं समजून कथा पुढे जाते, आणि नवरी फक्त एक बिचारी, गोरेपणाच्या नादी लागलेली मुलगी उरते.

शेवटी एडिटर स्वतःचा, काहीही न बदललेला सेल्फी डीपी म्हणून लावते. तो फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे. बहुतेक फोन फोटो साठवण्याआधीच चेहऱ्याचा उजेड आणि पोत आपल्या मनाने सुधारतात. लेखिकेला कथेत ही उपरोधाची जागा सापडलेली दिसत नाही, नाहीतर तिथे टाळ्यांची वाट पाहिली नसती.

छापायला देण्याआधी लेखिकेने भाषण आणि डीपी दोन्ही काढावेत, असं मला वाटतं. मावशीचा मेसेज ठेवावा, फोन ठेवावा. एडिटरने मेंदीची एक-एक वेल मास्कमधून वगळत बसावं, ब्रश मनगटापर्यंत यावा, आणि त्या हाताचा रंग आपल्याच माउसवरच्या हातासारखा आहे हे तिला दिसावं. पुढे ती काय करते, हे सांगितलं नाही तरी चालेल.