चौदाचा आकडा : तुलनेत काय गाळले जाते

चित्पावन आणि बेने इस्राएल यांचे मूळ एकच, हे विधान धर्माभ्यासाच्या विद्यार्थ्यांकडून मी वारंवार ऐकतो. पुरावा ठरलेला असतो. दोन्ही उत्पत्तिकथांत फुटलेले जहाज आहे, कोकणचा किनारा आहे आणि चौदा माणसे आहेत. मी तळोज्यात राहतो. पनवेलचे १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग इथून जवळच आहे. त्यामुळे मला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. अशा जुळणीवरून कोणाला बाहेरचे ठरवायचे, हे पुढे सहज ठरवले जाते.

म्हणून तो चौदाचा आकडा उकलून पाहू. बेने इस्राएलांच्या परंपरेत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले. म्हणजे चौदा ही सात जोडप्यांची बेरीज आहे, आणि सात हा आकडा यहुदी परंपरेत पवित्र आहे. चित्पावनांच्या लोकप्रचलित कथेत परशुराम किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते चितेवर शुद्ध करून जिवंत करतो. इथे जोडपी नाहीत. मात्र चित्पावनांची गोत्रे चौदा आहेत, आणि आकडा तिथून आला असणे अधिक संभवनीय आहे. शिवाय सह्याद्रिखंडात, जे गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली छापले, चितेपाशी जमलेल्या कैवर्तांना, म्हणजे कोळ्यांना, ब्राह्मण केल्याची कथा येते. तुलना करणारा ही कथा बाजूला ठेवतो आणि जहाजाची घेतो, कारण तीच जुळते. एका कथेत मेलेले पूर्वज होतात, दुसरीत मेलेले पुरले जातात आणि वाचलेले पूर्वज होतात. कथेचा कणाच उलटा आहे, पण चौदा म्हटले की तो दिसेनासा होतो.

सॅम्युएल सँडमेल यांनी १९६२ साली या सवयीवर लेख लिहिला आणि तिला समांतरांचे वेडच म्हटले. त्यांचा रोख प्रारंभिक ख्रिस्ती आणि यहुदी ग्रंथांच्या अभ्यासकांवर होता, पण तो आपल्यालाही तितकाच लागू आहे. जुळणाऱ्या गोष्टी वेचण्याआधी किती गोष्टी तपासल्या आणि किती जुळल्या नाहीत, हे सांगितल्याशिवाय साम्याला वजन येत नाही.

दुसरी चूक अधिक सभ्य असते, म्हणून अधिक फसवी. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. समाजाच्या आतून लिहिलेले इतके तपशीलवार पुस्तक दुसरे नाही, आणि मी त्याचा ऋणी आहे. त्यात पूर्वजांचे स्थलांतर इसवी सनपूर्व १७५च्या सुमारास ठेवले आहे. या तर्कामागचा मोठा आधार म्हणजे हनुक्का हा सण समाजात नव्हता. इसवी सनपूर्व १६४ साली मंदिराची पुनःप्रतिष्ठा झाली, तिच्या स्मरणाचा तो सण. सण माहीत नाही, म्हणजे निघाले त्याआधी. पण याच समाजात तोराच्या गुंडाळ्या नव्हत्या, आणि हिब्रूपैकी ‘शमा’ ही प्रार्थनाच काय ती उरली होती. तोरा नव्हती म्हणून ते तोरेच्या आधी निघाले, असे कोणी म्हणत नाही. तिथे आपण विसर मानतो, हनुक्काच्या बाबतीत मात्र पुरावा मानतो. एकच अभाव दोन नियमांनी मोजला की काळ हवा तिथे नेता येतो.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण आधी शेजाऱ्याशी. बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आठवड्यातून एक दिवस घाणा थांबणे हेच यहुदी लक्षण मानले, तर सोमवारी शंकरासाठी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेलीही त्यात येतील. घाण्याची विश्रांती ही कोकणातली सामायिक गोष्ट. वेगळा आहे तो शनिवार. शेजार बाजूला काढल्यावर जे उरते तेच लांबच्या तुलनेला उपयोगी पडते.

‘नव्याचा सण’ याच रीतीने पाहावा. बेने इस्राएलांचे हे वर्षारंभाचे नाव. बायबलातल्या वर्षारंभाकडे धाव घेण्याआधी कोकणात नव्या भाताची ‘नव्याची पुनव’ असते हे लक्षात घ्यावे. नाव, ऋतू आणि नवे धान्य शेजारचे. पण पुनव पौर्णिमेला येते आणि यहुदी वर्षारंभ चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी. दोहोंत सुमारे पंधरवड्याचे अंतर पडते. नाव कोकणचे आणि तिथी दुसरीकडची, आणि तपासाला विषय असेल तर तो हे पंधरवड्याचे अंतर.