दोनशे ब्याऐंशी चौकोनांचा जिल्हा

मिरजेतल्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांच्या घरी हॉलच्या भिंतीवर सांगली जिल्ह्याचा एक नकाशा लावलेला आहे. पाहुणा पहिल्यांदा बघतो तेव्हा हमखास विचारतो, "हा कुठला जिल्हा?" कारण नावं ओळखीची, रंग शाळेच्या नकाशातले, पण अंगकाठी भलतीच. जत कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मिरज मात्र लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसलेल्या व्याह्यासारखी ऐसपैस. सर काही बोलत नाहीत. आधी चहा येऊ देतात.

हा कार्टोग्राम आहे. ज्या नकाशात प्रदेशाचा आकार जमिनीवरून न ठरता दुसऱ्याच एखाद्या मोजमापावरून ठरतो, तो कार्टोग्राम. इथे मोजमाप आहे 2011च्या जनगणनेतली लोकसंख्या. आलेख कागदावर एक सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे दहा हजार माणसं. जिल्ह्याची लोकसंख्या 28,22,143, म्हणून चौकोन 282. अमेरिकेतले नकाशाकार अर्विन राइझ यांनी 1934 मध्ये आयतांचे असे नकाशे मांडले होते. सरांनी आयतांचा हट्ट सोडला आणि चौकोनाला चौकोन जोडत तालुक्यांना पायऱ्यापायऱ्यांच्या कडा दिल्या. त्यामुळे नकाशाला विणकामाचा पोत आला आहे, आणि बोट ठेवून कोणीही मोजून खात्री करू शकतो.

आधी बघायची ती जत आणि मिरज यांची अदलाबदल. हेच 282 चौकोन जमिनीच्या हिशेबाने वाटले असते, तर जतला सत्तरहून जास्त मिळाले असते, कारण जिल्ह्याची चतुर्थांशाहून अधिक जमीन एकट्या जतची आहे. मिरजेच्या वाट्याला तिसाच्या आसपास आले असते. लोकसंख्येने जतला 33 मिळाले आणि मिरजेला 85. नेहमीच्या नकाशात डोळा फसतो तो इथेच. आपण क्षेत्रफळ बघतो आणि नकळत त्याला वजन देतो. शाळेत शिकवतात त्या क्षेत्रघनी नकाशात घनतेप्रमाणे रंग भरले, तरी जतचा फिकट रंग एवढी जागा व्यापतो की सगळा जिल्हाच विरळ वस्तीचा वाटतो, आणि मिरजेचा गडद ठिपका दुर्लक्षित राहतो. सरांच्या नकाशात हे गणित डोळ्याला करावंच लागत नाही. वजन आणि क्षेत्रफळ एकच झालेलं असतं.

जगाच्या नकाशात होतं तेही हेच. भारताची जमीन जगाच्या जमिनीच्या अडीच टक्क्यांच्या आत, माणसं मात्र साधारण दर सहांत एक. म्हणून लोकसंख्येच्या कार्टोग्राममध्ये भारत फुगून सातपट होतो आणि रशिया वरच्या कडेला पट्टीसारखा चिकटून राहतो. मोजमाप बदलून वार्षिक उत्पादन घेतलं, तर त्या फुगलेल्या भारताची हवा जाते. पण पुरती जात नाही, हे बारकाईने बघणाऱ्यालाच दिसतं. बाजारभावाने आपला वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जमिनीच्या वाट्याहून तरीही थोडा मोठा. सर म्हणतात, जमीन, माणूस आणि पैसा असे तीन नकाशे एका ओळीत लावावेत. एकटा नकाशा बढाई मारतो किंवा रडतो.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. दहा तालुक्यांची लोकसंख्या दहा हजारांनी भागून नेहमीप्रमाणे जवळच्या पूर्णांकात घेतली, की मिरज 85, वाळवा 46, जत 33, तासगाव 25, खानापूर 17, पलूस 16, शिराळा 16, कवठेमहांकाळ 15, कडेगाव 14, आटपाडी 14. बेरीज करा. 281 येते. जिल्ह्याचे चौकोन तर 282. एक चौकोन उरला. दहा हजार माणसं इकडेतिकडे झाली तर चालतं म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात, पण मग नकाशाच्या पायथ्याशी लिहिलेलं प्रमाण खोटं पडतं. सरांनी प्रत्येक तालुक्याला आधी फक्त पूर्ण चौकोन दिले आणि उरलेले चार चौकोन ज्यांचे अपूर्णांक सर्वांत मोठे त्यांना वाटले. आटपाडी, जत आणि वाळवा यांचे हक्काचेच होते. चौथा गेला पलूसला, कारण त्याची लोकसंख्या 1,64,909, म्हणजे 16.49. अर्ध्याला केवळ कणभर कमी. म्हणून या नकाशात पलूस 17 चौकोनांचा आहे. शेवटचा चौकोन त्यांनी रंग भरताना किंचित फिका ठेवला आहे. हे मला तिसऱ्या भेटीत दिसलं.

सरांनी शेजारच्या सातारा जिल्ह्याचाही असाच कागद केला आहे. त्यावर नेमकं उलटं झालं. तिथे 30,03,741 माणसं, म्हणजे 300 चौकोन. अकरा तालुके पूर्णांकात घेतले तर बेरीज 301. एक वाढला! "सांगलीचा उरला, साताऱ्याचा वाढला, मग घ्या की इकडचा तिकडं," असं मी गंमतीने म्हटलं, तर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. तोच नियम लावून कोणाचा तरी एक काढायचा होता, आणि तो खटावचा निघाला. 2,75,274 म्हणजे 27.53, पण अपूर्णांकात खटावच्या पुढे माण, 22.56 वर उभा. तीन शतांशांनी माणला तेविसावा चौकोन मिळाला आणि खटाव सत्तावीसवरच थांबला. दोन्ही तालुके दुष्काळी, दोन्हींना मुळात आकसायचंच होतं. त्यातही न्याय करताना हात थरथरला नाही, याचं मला कौतुक वाटतं.

संख्या बसवणं पहिला भाग. शेजार टिकवणं ही खरी कसोटी. कार्टोग्राम आकार बदलतो, पण कोण कोणाला लागून आहे हे बदललं तर तो नकाशा राहत नाही, नुसता चौकोनांचा ढीग होतो. मिरज फुगली की ती सगळ्यांना ढकलते. तिच्या पूर्वेला कवठेमहांकाळ, त्याच्या पलीकडे जत. कवठेमहांकाळचे पंधरा चौकोन चार बाय चारच्या आसपास गोळा केले असते तर मिरज खालून सरकून थेट जतला भिडली असती. सरांनी ते पंधरा तीन रुंद आणि पाच उंच असे उभे केले. भिंतीसारखे. आता मिरज आणि जत यांच्यात एक तालुका ठामपणे उभा आहे, आणि वर त्याचा खांदा तासगावला टेकतो. मिरजेचा उरलेला खालचा भाग आपोआप कर्नाटकाकडे उघडा पडतो, जसा तो प्रत्यक्षात आहे.

आणि कृष्णा. आकार बिघडलेल्या नकाशात नदी मूळ नकाशावरून तशीच उतरवली की चोरी पकडली जाते. ती भलत्याच तालुक्यातून वाहू लागते. सरांची निळी रेघ वाळवा आणि पलूस यांच्या मधून येते आणि मिरजेत शिरून सांगलीला वळसा घालते. साताऱ्याचा कागद वायव्येला जोडला की ती रेघ कराडच्या प्रीतिसंगमापासून सलग लागते, कारण दोन्ही कागदांचं प्रमाण एकच. मग एक गोष्ट उघड होते. कराडचे 58, वाळव्याचे 46, मिरजेचे 85: दोन जिल्ह्यांच्या 582 पैकी 189 चौकोन, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, एका नदीच्या तीन तालुक्यांत. जमिनीने हेच तीन तालुके साधारण सातवा भाग. पूर्वेला माण, आटपाडी, जत पावसाअभावी आकसतात हे सगळे सांगतात. पण पश्चिमेला जावळीही आकसते, जिथे पाऊस मावत नाही. तिथे उतार, जंगल आणि कोयनेचं पाणी माणसाला जागा देत नाहीत. दोन्ही बाजूंनी दाबलेला, मधे फुगलेला असा हा कृष्णाकाठ, नदीचं नाव न लिहिताही ओळखू यावा.

संगणकावर हे वेगळ्या रीतीने होतं. मायकेल गास्टनर आणि मार्क न्यूमन यांनी 2004 मध्ये मांडलेली पद्धत म्हणजे पाण्यात सोडलेल्या शाईचं वागणं. दाट वस्तीतून माणसं विरळीकडे पसरू द्यायची, सगळीकडे घनता सारखी होईपर्यंत, आणि सीमारेषांना त्या प्रवाहाबरोबर वाहू द्यायचं. सीमेबाहेरही सरासरी घनता भरून ठेवावी लागते, नाहीतर अख्खा नकाशाच बाहेर सांडतो. 'वर्ल्डमॅपर'चे जगाचे नकाशे याच रीतीने झाले. मी सांगलीचा तसा करून पाहिला. शेजार आपोआप टिकला, कडा सुळसुळीत वळल्या, पण मिरज दुधावर आलेल्या सायीच्या फुग्यासारखी दिसू लागली आणि मोजायचं काही उरलं नाही. तिथे विश्वास ठेवायचा, इथे मोजायचं. मला मोजणं आवडतं.

दोन्ही रीतींत एक डाग मात्र सारखा आहे. तालुका हा एकक धरला की मिरज तालुका सगळीकडून सारखा फुगतो, आरगेपासून म्हैसाळपर्यंत. प्रत्यक्षात त्या 85 चौकोनांपैकी सुमारे 50 एकट्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचे आहेत. सरांनी ते पन्नास चौकोन आतल्या आत बारीक तुटक रेघेने वेगळे केले आहेत. हा कबुलीजबाब आहे, आणि तो नकाशाच्या पोटातच लिहिला आहे, तळटीपेत नाही.

एकदा एका विद्यार्थ्याने साक्षरतेचा असा नकाशा मागितला होता. सरांनी विचारलं, "जतची टक्केवारी आणि मिरजेची टक्केवारी मिळवली तर काय येतं रे?" पोरगं हसलं. ज्यांची बेरीज होते त्यांनाच क्षेत्रफळ देता येतं: माणसं, पोती, रुपये. टक्केवारी, दरडोई उत्पन्न यांना चौकोनांवर फक्त रंग म्हणून जागा आहे.

पैशाचा नकाशा सरांनी सुरू केला होता. तो कागद कपाटात आहे. जिल्ह्याच्या उत्पन्नाचे सरकारी अंदाज मिळतात, तालुक्यांपर्यंत ते उतरत नाहीत, म्हणून सगळं पेन्सिलीत राहिलं. पण अडलं ते खानापुराशी. विटा, खानापूर, आटपाडी या भागातले गलाईवाले, सोनंचांदी गाळून शुद्ध करणारे, देशभरच्या शहरांत दुकानं मांडून बसलेले आहेत. जनगणना त्यांना जिथे राहतात तिथे मोजते. घर, देऊळ, शाळेची खोली मात्र गावाकडे बांधली जाते. लोकसंख्येच्या नकाशात खानापूर 17 चौकोनांचं. पैशाच्या कागदावर त्या सतरांभोवती सरांनी एक तुटक वर्तुळ काढलं आहे, बरंच मोठं, आणि त्याचं क्षेत्रफळ कुठेही लिहिलेलं नाही.