विकीर्ण आलेखाचे वाचन : साक्षरता आणि बाल लिंगगुणोत्तर यांच्या चित्राची एक चिकित्सा

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रांतील प्रकल्प, लघुप्रबंध आणि चर्चासत्रांतील सादरीकरणे यांत विकीर्ण आलेख (स्कॅटर प्लॉट) आता सर्रास दिसतो. बहुधा तो मूळ तक्त्यासह येत नाही, संगणकाच्या पडद्यावरून टिपलेला स्क्रीनशॉट म्हणून येतो. असे चित्र पाहून कोणती विधाने करता येतात आणि कोणती करता येत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात एका परिचित उदाहरणाच्या आधारे केला आहे. २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या तत्कालीन ३५ जिल्ह्यांचा साक्षरता दर आडव्या अक्षावर आणि बाल लिंगगुणोत्तर, म्हणजे ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या, उभ्या अक्षावर घेतल्यास जो आलेख मिळतो, तो येथे विचारात घेतला आहे. असा आलेख दाखवून 'साक्षरता वाढली की मुलींचे प्रमाण वाढते' असे विधान अनेकदा केले जाते. त्या विधानाची तपासणी आवश्यक आहे.

चौकट आणि अक्ष

बिंदूंकडे वळण्यापूर्वी चौकट पाहावी लागते. या आलेखात आडवा अक्ष ६० टक्क्यांपासून आणि उभा अक्ष ८०० पासून सुरू होतो. विकीर्ण आलेखात अक्ष शून्यापासून सुरू न होणे हा दोष नव्हे. परंतु त्यामुळे दिसणारा चढ-उतार हा आकड्यांचा आहे की चौकटीचा, हे तपासणे भाग पडते. क्लीव्हलँड, डायकोनिस आणि मॅकगिल यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की तेच बिंदू मोठ्या चौकटीत आक्रसून दाखविले तर पाहणाऱ्यास सहसंबंध अधिक दृढ वाटतो. सहसंबंध गुणांक अक्षांच्या मोजमापावर अवलंबून नसतो, डोळा मात्र असतो. स्क्रीनशॉट ताणून किंवा दाबून पानात बसविलेला असेल तर ही फसगत वाढते. म्हणून 'तीव्र', 'स्पष्ट' यांसारखी विशेषणे केवळ चित्रावरून वापरू नयेत.

सहसंबंध आणि बहिर्वर्ती बिंदू

प्रस्तुत आलेखात बिंदूंचा ढग किंचित उजवीकडे वर चढतो. सर्व ३५ जिल्हे घेतल्यास सहसंबंध गुणांक सुमारे ०.२ येतो. तो धन आहे, पण क्षीण आहे. त्याचा वर्ग सुमारे ०.०४ होतो, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतील लिंगगुणोत्तराच्या फरकांपैकी जेमतेम चार टक्के भाग सरळ रेषेच्या आधारे साक्षरतेशी जोडता येतो.

ढगापासून दूर पडलेले दोन बिंदू लक्ष वेधतात. बीडचा बिंदू अगदी तळाशी आहे. तेथे साक्षरता सुमारे ७७ टक्के, तर लिंगगुणोत्तर ८०७ होते. नंदुरबारचा बिंदू डावीकडे एकटा आहे. तेथे साक्षरता सुमारे ६४ टक्के म्हणजे राज्यात सर्वांत कमी, तर लिंगगुणोत्तर ९४४ होते. पाहणारा साहजिकच बीडला अधिक महत्त्व देतो, कारण तो बिंदू सर्वांत खाली आहे. प्रत्यक्ष गणित वेगळे सांगते. बीड वगळल्यास गुणांक ०.२ वरून ०.१६ च्या आसपास येतो, फारसा बदलत नाही. नंदुरबार वगळल्यास मात्र तो ०.३६ च्या आसपास जातो. नंदुरबारसोबत गडचिरोलीही वगळल्यास ०.४७ च्या जवळ पोहोचतो.

याचे कारण बिंदूंच्या स्थानात आहे. बीडची साक्षरता सरासरीच्या फार दूर नाही. त्यामुळे तो बिंदू कितीही खाली असला तरी रेषेला फारसा झुकवू शकत नाही. नंदुरबार आडव्या अक्षाच्या टोकाला आहे. तराजूच्या दांडीच्या टोकाशी ठेवलेल्या वजनाप्रमाणे तो रेषेला ओढतो. म्हणून बहिर्वर्ती बिंदू 'किती दूर' याबरोबरच 'कोणत्या दिशेने दूर' हेही नोंदविले पाहिजे.

असा बिंदू वगळावा काय? तो नोंदीतील चूक असेल तर दुरुस्त करावा. पण चूक आहे की नाही हे स्क्रीनशॉट सांगू शकत नाही, त्यासाठी मूळ तक्त्याकडेच जावे लागते. नंदुरबार आणि गडचिरोलीचे आकडे चूक नाहीत. मोठी आदिवासी लोकसंख्या असलेले हे जिल्हे आहेत. केवळ रेषा देखणी व्हावी म्हणून त्यांना वगळणे म्हणजे हव्या त्या निष्कर्षासाठी पुरावा छाटणे होय. दोन्ही गुणांक देऊन फरकाचे कारण सांगणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

पुंजके

बिंदूंवर जिल्ह्यांची नावे लिहिताच चित्र पालटते. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भाचे जिल्हे वरच्या बाजूस एकत्र येतात. कोल्हापूर आणि सांगली खालच्या भागात जवळजवळ एकमेकांवर पडतात. दोन्हींची साक्षरता सुमारे ८१.५ टक्के आहे. म्हणजे राज्यस्तरावरील चढ हा अंशतः प्रदेशांमधील अंतराचा आहे. पूर्व विदर्भाच्या पुंजक्यातच पाहिले तर कल उलटा दिसतो. सर्वांत कमी साक्षर गडचिरोलीत लिंगगुणोत्तर ९६१, तर सर्वांत साक्षर नागपुरात ९३१ होते. पाच बिंदूंवरून नवा नियम सांगणे अर्थातच गैर ठरेल. परंतु एकच रेषा सर्व प्रदेशांना लागू पडत नाही, एवढे यावरून म्हणता येते. नावे किंवा रंगभेद नसलेल्या स्क्रीनशॉटमध्ये हे पुंजके अदृश्यच राहतात.

कार्यकारणभावाचा प्रश्न

कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ वरून ८१.५ टक्क्यांवर गेली आणि बाल लिंगगुणोत्तर ८३९ वरून ८६३ झाले. 'साक्षरतेमुळे सुधारणा झाली' असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु त्याच दशकात राज्याची साक्षरता सुमारे ७७ वरून ८२ टक्क्यांवर गेली आणि बाल लिंगगुणोत्तर ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरले. साक्षरतेतील वाढ जवळपास सारखी, दिशा मात्र परस्परविरुद्ध. शिवाय याच काळात, २००३ पासून, गर्भलिंग निदानविरोधी कायद्यातील दुरुस्त्या अमलात आल्या. सोनोग्राफी केंद्रांची उपलब्धता, जमीनधारणा, कुटुंबाचा आकार हे घटकही आलेखात नाहीत. जे अक्षावर नाही त्याचा प्रभाव नाही, असे समजता येत नाही.

आणखी एक मर्यादा अशी, की प्रत्येक बिंदू हा जिल्हा आहे, कुटुंब नाही. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखविले, की परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती. व्यक्ती म्हणून मात्र परदेशात जन्मलेल्यांमध्येच ती जास्त होती. हे लोक अधिक साक्षर राज्यांत वसले होते, म्हणून हा विरोधाभास दिसला. तेव्हा जिल्ह्यांच्या आलेखावरून 'साक्षर माता' किंवा 'निरक्षर माता' यांच्याविषयी काहीही म्हणता येत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत आलेखावरून करता येणारे विधान असे : २०११ मध्ये महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांत साक्षरता आणि बाल लिंगगुणोत्तर यांच्यात क्षीण धन सहसंबंध आढळतो, तो नंदुरबार व गडचिरोली या बिंदूंबाबत संवेदनशील आहे आणि प्रादेशिक पुंजक्यांत तो एकसारखा टिकत नाही. या विधानात 'मुळे', 'परिणामी', 'वाढवते' हे शब्द नाहीत. ते शब्द येताच विधान आलेखाच्या आधाराबाहेर जाते. प्रकल्पांचे मूल्यमापन करताना गुणांकाइतकेच विद्यार्थ्याच्या वाक्यातील क्रियापदाकडेही परीक्षकाने लक्ष दिले पाहिजे.